उणे व्याजाच्या काळातला पन्नास वर्षांचा हिशेब

२७ फेब्रुवारी २०१७ रोजी लंडनच्या शेअर बाजारात मोटारविमा कंपन्यांचे भाव घसरले. कुठे मोठी दुर्घटना घडली नव्हती, एखादी कंपनी बुडाली नव्हती की नवा करही लागला नव्हता. इंग्लंड आणि वेल्सच्या तत्कालीन न्यायमंत्री, म्हणजेच लॉर्ड चॅन्सेलर, लिझ ट्रस यांनी फक्त एक दर बदलला होता. २००१ पासून तो अडीच टक्के होता. आता तो उणे पाऊण टक्का होणार होता आणि २० मार्चपासून लागू होणार होता. त्यानंतर काही दिवसांतच आलेल्या ब्रिटिश अर्थसंकल्पात या बदलामुळे सरकारी संस्थांवर, मुख्यतः तिथल्या राष्ट्रीय आरोग्य सेवेवर पडणाऱ्या बोज्यासाठी वर्षाला सुमारे १.२ अब्ज पौंडांची तरतूद करावी लागली.

हा दर बँकेच्या ठेवींचा नव्हता आणि कर्जांचाही नव्हता. अपघातात किंवा डॉक्टरांच्या चुकीने जन्माचे अपंगत्व आलेल्या माणसाला एकरकमी भरपाई किती द्यायची, हे ठरवताना न्यायालये तो वापरतात. पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांचा खर्च आज एका रकमेत द्यायचा, तर त्या रकमेवर मिळणारे व्याज हिशेबात धरावे लागते. उद्याच्या पैशाची आजची किंमत काढण्याच्या या दराला वटाव दर म्हणतात आणि निघालेल्या किमतीला वर्तमान मूल्य. वटाव दर शून्याखाली जाऊ शकतो ही कल्पनाच अनेकांना पटत नाही, कारण उद्याचा रुपया आजच्या रुपयापेक्षा नेहमी स्वस्त, असेच आपण शिकलेलो असतो. इंग्लंडमधल्या या प्रकरणात मात्र उद्याचा पौंड आजच्या पौंडापेक्षा महाग ठरला, आणि हिशेबाच्या दृष्टीने ते बरोबरच होते.

आजच्या भावातला हिशेब

एक उदाहरण घेऊ. तीस वर्षांची एक व्यक्ती अपघातानंतर अंथरुणाला खिळली आहे. तिची शुश्रूषा करायला आजच्या भावाने वर्षाला १ लाख पौंड लागतात आणि ती आणखी ५० वर्षे जगेल असे डॉक्टरांचे मत आहे. सोयीसाठी, दर वर्षीचा खर्च वर्षअखेरीला एकदम करायचा असे समजू. आज किती रक्कम दिली म्हणजे ती पन्नास वर्षे पुरेल आणि शेवटच्या वर्षी बरोबर संपेल?

महागाईमुळे खर्च दर वर्षी वाढत जाणार. हिशेब दोन रीतींनी करता येतो. पहिल्या रीतीत दर वर्षीचा खर्च महागाईने फुगवायचा आणि मग बाजारात खरोखर मिळणाऱ्या व्याजदराने त्याला वटाव द्यायचा. दुसऱ्या रीतीत महागाईला हिशेबात शिरूच द्यायचे नाही. खर्च पन्नासही वर्षे आजच्याच भावाने १ लाख धरायचा, पण मग वटाव देताना दरसुद्धा महागाई वगळून उरलेला घ्यायचा. हा उरलेला दर म्हणजे वास्तव व्याजदर. तो काढायला एक अधिक व्याजदर या आकड्याला एक अधिक महागाईचा दर या आकड्याने भागायचे आणि एक वजा करायचा.

समजा सुरक्षित रोख्यांवर २.२३ टक्के व्याज मिळते आहे आणि महागाई ३ टक्के आहे. १.०२२३ ला १.०३ ने भागले की ०.९९२५ येते, म्हणजे वास्तव दर उणे पाऊण टक्का. पहिल्याच वर्षाचा हिशेब दोन्ही रीतींनी करून पाहा. पहिल्या रीतीने वर्षअखेरचा खर्च १ लाख ३ हजार, त्याला १.०२२३ ने भागले की सुमारे १,००,७५३. दुसऱ्या रीतीने १ लाखाला ०.९९२५ ने भागले, तरी जवळजवळ तेवढेच, १,००,७५६. उत्तर एकच येते, कारण महागाई एकदा वर आणि एकदा खाली येऊन कटली जाते. दीर्घ मुदतीच्या हिशेबांत दुसरी रीत सोयीची ठरते. पन्नास वर्षांची महागाई कुणाला सांगता येणार? पण महागाईवर किती टक्के जास्त मिळेल, एवढ्यावर निदान वाद तरी घालता येतो.

गोंधळ होतो तो दोन्ही रीती एकमेकींत मिसळल्या की. खर्च आजच्या भावाने १ लाखच धरला आणि वटाव मात्र बाजारातल्या २.२३ टक्क्यांनी दिला, तर पन्नास वर्षांसाठी सुमारे ३० लाख पौंड पुरतील असे उत्तर येते. खरे उत्तर ६० लाख ९४ हजार आहे. निम्म्याहून मोठी चूक, पण आकडा दिसायला शहाणासुरता असल्यामुळे नजरेत भरत नाही. ती पकडायची एक सोपी खूण आहे. आजच्या भावाने सरळ बेरीज करा. इथे ती ५० लाख येते. व्याज आणि महागाई सारखीच असेल, तर वर्तमान मूल्य बरोबर या बेरजेइतकेच यायला हवे. व्याज महागाईहून जास्त असेल तर ते बेरजेपेक्षा कमी, आणि व्याज महागाईहून कमी असेल तर बेरजेपेक्षा जास्त यायलाच हवे. व्याज महागाईला पुरे पडत नसतानाही उत्तर बेरजेहून कमी आले, तर कुठेतरी दोन रीतींची सरमिसळ झाली आहे हे नक्की.

आता २०१७ चा बदल नीट दिसतो. जुन्या अडीच टक्के दराने आपल्या उदाहरणातल्या व्यक्तीला २८ लाख ३६ हजार पौंड मिळाले असते, नव्या दराने ६० लाख ९४ हजार. इजा तीच, शुश्रूषा तीच, पण रक्कम दुपटीहून जास्त. विमा कंपन्यांच्या शेअरचे भाव का पडले, ते यावरून कळते.

व्याज शून्याखाली कसे गेले

या दराची मुळे १९९८ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने दिलेल्या वेल्स विरुद्ध वेल्स या निकालात आहेत. तोवर न्यायालये साधारणपणे असे धरत, की भरपाईची रक्कम शेअर वगैरेंत गुंतवली जाईल आणि महागाई वजा जाता चार-पाच टक्के मिळतील. कायदेपंडितांनी त्याला हरकत घेतली. ज्याचे औषधपाणी आणि आंघोळसुद्धा या पैशावर अवलंबून आहे, त्याने बाजार पडला तर काय करायचे? इतरांसारखी जोखीम घेण्याची सक्ती त्याच्यावर करता येणार नाही. म्हणून वटाव दर सर्वांत सुरक्षित अशा सरकारी रोख्यांवरून ठरावा, असे न्यायालयाने म्हटले आणि तो ३ टक्क्यांवर आणला. २००१ मध्ये लॉर्ड चॅन्सेलरनी १९९६ च्या कायद्याने मिळालेला अधिकार वापरून तो अडीच टक्के केला.

हे रोखे महागाईशी जोडलेले असतात. ब्रिटिश सरकारने ते १९८१ पासून विकायला सुरुवात केली. त्यांचे व्याज आणि मुद्दल दोन्ही किरकोळ भावांच्या निर्देशांकाप्रमाणे वाढत जातात, त्यामुळे त्यांच्यावरचा परतावा हा सरळ वास्तव व्याजदरच असतो. पण दर ठरल्यावर पुढची सोळा वर्षे तो तसाच राहिला आणि बाजार मात्र बदलत गेला. निवृत्तिवेतन निधींना महागाईबरोबर वाढणारी देणी द्यायची असतात, म्हणून त्यांनी हे रोखे भरभरून घेतले. २००९ पासून बँक ऑफ इंग्लंडनेही मोठ्या प्रमाणावर सरकारी रोखे खरेदी केले. रोख्याची किंमत वाढली की त्यावरचा परतावा घटतो. काही वर्षांत महागाई-निगडित रोख्यांचा परतावा शून्याखाली उतरला.

मग असे रोखे घेतेच कोण, असा प्रश्न पडतो. पैसे घरात ठेवले तर काय बिघडले? घरातल्या नोटांवर व्याज शून्य असते, पण महागाई त्यांनाही खाते. महागाई ३ टक्के असेल तर कपाटातल्या नोटांचा वास्तव परतावा जवळजवळ उणे ३ टक्के असतो, त्यापुढे उणे पाऊण टक्का बराच बरा. पुढे लागणारी वस्तूच आज घेऊन ठेवता आली असती तर प्रश्न सुटला असता. शेतकरी वर्षाचे धान्य कणगीत भरून ठेवतो, तशी पन्नास वर्षांची शुश्रूषा कुणालाही भरून ठेवता येत नाही. २०४७ सालची परिचारिका २०४७ सालीच मिळते, तेव्हाच्याच पगारावर. ज्याला खात्रीने महागाईइतका पैसा हवा आहे आणि ज्याच्याकडे दुसरा सुरक्षित मार्ग नाही, तो खात्रीची किंमत मोजतो. उणे वास्तव व्याज म्हणजे ती किंमत.

दूरची वर्षे जड होतात

दर उणे झाला की फक्त एकूण रक्कम वाढते असे नाही, तिची आतली वाटणीही उलटी होते. अडीच टक्के दराने पन्नासाव्या वर्षीच्या १ लाखासाठी आज फक्त २९ हजार बाजूला ठेवावे लागत. उणे पाऊण टक्क्याने त्याच लाखासाठी आज १ लाख ४६ हजार ठेवावे लागतात, कारण ठेवलेली रक्कम दर वर्षी थोडी थोडी झिजत जाते. जुन्या दराने शेवटच्या पंचवीस वर्षांचा वाटा एकूण रकमेत जेमतेम ३५ टक्के होता, नव्या दराने तो ५५ टक्के झाला.

याचा थेट परिणाम न्यायालयात दिसतो. माणूस चाळीस वर्षे जगेल की पन्नास, याची डॉक्टरांमधली चर्चा पूर्वी तितकी निर्णायक नसे, कारण दूरची वर्षे वटावात विरघळून जात. आता तेच दहा वर्षांचे अंतर सर्वांत महाग ठरते. दरातल्या छोट्या बदलाचेही तसेच. साडेतीन टक्क्यांवरून अडीचवर आले तर आपल्या उदाहरणातली रक्कम सुमारे पाच लाखांनी वाढते. उणे पाऊणवरून उणे पावणेदोनवर गेले तर ती वीस लाखांनी वाढते आणि ८१ लाखांवर पोहोचते.

आणि हे नुसते कागदावरचे गणित नाही. उत्तर आयर्लंडमध्ये मे २०२१ पर्यंत जुना अडीच टक्केच चालू होता. तिथे रोख्यांवर आधारलेली जुनी कसोटी कायम असल्यामुळे दर बदलला तो थेट उणे पावणेदोन टक्के. त्याच सुमाराला इंग्लंडमध्ये, नव्या कायद्याने, तो उणे पाव टक्का होता. आपल्या उदाहरणातल्या व्यक्तीचा अपघात बेलफास्टला झाला असता तर ८१ लाख, लिव्हरपूलला झाला असता तर सुमारे ५३ लाख.

खर्च कधीच थांबणार नसेल, तर उणे दराने वर्तमान मूल्याला अंतच राहत नाही. कायम चालणाऱ्या खर्चासाठी वर्षाची रक्कम भागिले दर हे सूत्र विद्यार्थी पाठ करतात, पण ते फक्त शून्यावरच्या दराला लागू पडते. उणे दर घातला तर ते उणे उत्तर देते, आणि त्या उत्तराला काहीच अर्थ नसतो.

घर घेण्याचे सूत्र मोडते तेव्हा

सूत्रात दडलेले गृहीत कसे उघडे पडते, याचे सर्वांत बोलके उदाहरण घराच्या भरपाईत मिळते. चाकाच्या खुर्चीवर आलेल्या माणसाला रुंद दारांचे, तळमजल्यावरचे, मोठे घर घ्यावे लागते. ते जुन्या घरापेक्षा महाग असते. पण वाढीव किंमत पूर्ण दिली, तर त्याच्या मृत्यूनंतर घर वारसांना मिळते आणि भरपाई गरजेहून जास्त होते. म्हणून १९८९ च्या एका निकालापासून न्यायालये असे मानत, की घरात पैसा अडकून पडल्यामुळे त्यावरचे व्याज बुडते, तेवढ्या बुडालेल्या व्याजाचीच भरपाई द्यावी. वाढीव किंमत गुणिले दर गुणिले वर्षांचा गुणक, असे ते सूत्र होते.

९ लाख पौंड जास्त लागत असतील तर अडीच टक्क्यांनी वर्षाचे बुडीत व्याज २२,५०० पौंड. पन्नास वर्षांचा गुणक २८.३६ धरला, तर भरपाई सुमारे ६ लाख ३८ हजार. आता दर उणे पाऊण टक्का करा. वर्षाचे बुडीत व्याज उणे ६,७५० येते आणि त्याला नव्या गुणकाने गुणले की भरपाई उणे ४ लाख ११ हजार. म्हणजे जखमी माणसानेच विमा कंपनीला पैसे द्यावेत. न्यायालयांनी अर्थातच तसे केले नाही, पण घराच्या नावाने भरपाई शून्य ठरवली. सूत्राच्या तर्काने ते बरोबरही होते. रोख्यात पैसा झिजत असेल आणि घर निदान भावाबरोबर टिकत असेल, तर घरात पैसा अडकण्याने नुकसान कसले? पण घर घ्यायला मुळात ९ लाख आणायचे कुठून, हा प्रश्न सूत्राने कधी विचारलाच नव्हता. दर शून्यावर असताना सूत्रातून येणारी रक्कम घर घ्यायला थोडाफार हातभार लावत होती, म्हणून ही उणीव झाकली गेली होती.

ऑक्टोबर २०२० मध्ये अपील न्यायालयाने हे सूत्र बाजूला सारले आणि प्रश्न दुसऱ्या टोकाने सोडवला. पीडितेला ९ लाख पौंड जास्त लागणार होते आणि तिची आयुर्मर्यादा आणखी साधारण ४५ वर्षे होती. इतक्या वर्षांनी वारसांना मिळणाऱ्या घराचा हक्क आज कुणी विकत घेतला, तर तो किती देईल? न्यायालयाने त्यासाठी ५ टक्के दर धरला आणि ती किंमत सुमारे ९८ हजार काढली. ती वजा करून ८ लाख १ हजार ९१३ पौंड मंजूर केले. एकाच दाव्यात शुश्रूषेसाठी उणे दर आणि घराच्या हक्कासाठी अधिक ५ टक्के, यात विसंगती नाही. शुश्रूषेचा पैसा खात्रीने हवा असतो, तर दूरच्या, अनिश्चित हक्काचा खरेदीदार जोखमीचा मोबदला मागतो. दर नेहमी कशाचा तरी असतो. ज्या प्रवाहाची किंमत काढायची, त्याची जोखीम पाहून तो ठरतो.

महागाई कुणाची

वास्तव दर म्हणताना महागाई वगळली जाते, पण कोणती महागाई? ब्रिटिश रोखे ज्या किरकोळ भावांच्या निर्देशांकाला जोडलेले आहेत, तो सहसा ग्राहक भावांच्या निर्देशांकापेक्षा जास्त चढतो. त्यामुळे त्याच रोख्याचा वास्तव परतावा एका मापाने उणे आणि दुसऱ्या मापाने शून्याच्या जवळ दिसू शकतो. शिवाय अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा मुख्य खर्च किराण्याचा नसून परिचारकांच्या पगाराचा असतो, आणि दीर्घकाळात पगार सहसा भावांपेक्षा जास्त वाढतात. त्याच्या दृष्टीने खरा वास्तव दर म्हणजे व्याज वजा परिचारकांच्या पगारातली वाढ, आणि तो छापील दरापेक्षा खालीच असतो.

इंग्लंडने यावर एक वेगळी वाटही काढली आहे. एकरकमी पैसे न देता विमा कंपनीने किंवा आरोग्य सेवेने तहहयात दर वर्षी रक्कम द्यावी, असा आदेश न्यायालय देऊ शकते. २००८ मध्ये अपील न्यायालयाने ही वार्षिक रक्कम परिचारकांच्या वेतनाच्या निर्देशांकाशी जोडायला मान्यता दिली. मग व्याजाचा अंदाज लागत नाही आणि आयुर्मानाचाही लागत नाही. दोन्ही जोखमी ज्याला पेलवतात, त्याच्या खांद्यावर जातात.

एकरकमी भरपाईच्या बाबतीत २०१८ च्या कायद्याने कसोटी बदलली. पीडित माणूस अगदी रोख्यांतच नव्हे, तर थोडी जोखीम घेऊन मिश्र गुंतवणूक करील असे आता धरले जाते. ऑगस्ट २०१९ पासून दर उणे पाव टक्का झाला. त्या दराने पूर्ण भरपाई पुरण्याची शक्यता साधारण दोन-तृतीयांश आहे, असा सरकारी विमागणितज्ञांचा अंदाज होता. याचा अर्थ तीनांतल्या एकाला कमी पडण्याची शक्यता धरूनच दर ठरला. २०२२ नंतर जगभर व्याजदर चढले आणि ११ जानेवारी २०२५ पासून इंग्लंडमध्ये दर अधिक अर्धा टक्का झाला. आपल्या उदाहरणातली रक्कम आता ४४ लाखांच्या आसपास येते. दर शून्यावर आला खरा, पण जुन्या अडीच टक्क्यांच्या जवळपासही गेलेला नाही.

आपल्याकडचा गुणक

भारतात मोटार अपघात दावा न्यायाधिकरणे वटाव दर उघडपणे सांगत नाहीत. ती वयानुसार गुणक वापरतात. २००९ च्या सरला वर्मा निकालाने हा तक्ता पक्का केला. त्यात सर्वांत मोठा गुणक १८ आहे आणि तो पंधरा ते पंचवीस वर्षांच्या वयाला लागतो. गुणक म्हणजे दडवलेला वटाव दरच असतो, फक्त तो उलटा सोडवून बाहेर काढावा लागतो.

फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर अशा एका मुलीचे प्रकरण आले, जिला बाराव्या वर्षी झालेल्या अपघाताने कायमचे परावलंबी केले होते. उच्च न्यायालयाने परिचारकासाठी महिना अडीच हजार रुपये धरून ते सरळ ४४ वर्षांनी गुणले होते. ही सरळ बेरीज म्हणजे शून्य वास्तव दर. सर्वोच्च न्यायालयाने महिन्याची रक्कम दोन परिचारकांसाठी १० हजार केली. तो मोठा दिलासा होता. पण सरळ गुणाकाराची रीत त्याने नाकारली, शुश्रूषेलाही गुणकच लावावा असे सांगितले, आणि वर्षाच्या १ लाख २० हजारांना १८ ने गुणून २१ लाख ६० हजार मंजूर केले.

हे गणित उलटे सोडवू. ४४ वर्षांचा खर्च १८ वर्षांच्या रकमेत भागायचा असेल, तर त्या रकमेवर परिचारकांच्या पगारवाढीपेक्षा दर वर्षी सुमारे ४.९ टक्के जास्त मिळायला हवेत. त्या वर्षी आपल्याकडे काय स्थिती होती? २०२०-२१ मध्ये स्टेट बँकेच्या एक वर्षाच्या मुदत ठेवीवर पाच टक्क्यांच्या आसपास व्याज होते आणि किरकोळ महागाई सरासरी ६.२ टक्के. वास्तव दर उणे एक टक्क्याहून खाली. सदासर्वकाळ असे राहणार नाही हे खरे, आणि गुणकात आयुष्यातल्या अनिश्चितता धरलेल्या असतात हेही खरे. पण वास्तव दर नुसता शून्य राहिला तरी २१ लाख ६० हजार बरोबर १८ वर्षांत संपतात. अगदी २ टक्के मिळाले तरी ते बावीस-तेवीस वर्षेच पुरतात. त्यानंतरच्या वीसहून जास्त वर्षांच्या शुश्रूषेसाठी पैसाच उरत नाही. १ टक्का वास्तव दर धरला असता तर रक्कम साडेबेचाळीस लाख आली असती.

तक्ता वाईट हेतूने केलेला नाही. न्यायाधिकरणागणिक वेगळी रक्कम मिळू नये, हा त्याचा उद्देश चांगलाच होता. पण त्यात दडलेला दर कुणी पुन्हा तपासत नाही आणि सांगतही नाही. इंग्लंडमध्ये सोळा वर्षे न तपासलेला दर एका दिवसात सव्वातीन टक्क्यांनी उतरवावा लागला. आता तिथला कायदा ठरावीक काळाने फेरतपासणी करायला सांगतो. आपल्या तक्त्यालाही सोळा वर्षे उलटून गेली आहेत. किमान शुश्रूषेच्या खर्चापुरता तरी वेगळा गुणक असावा, त्यामागचा वास्तव दर निकालात लिहिला जावा आणि दर काही वर्षांनी तो बदलावा. ज्यांचा दावा न्यायाधिकरणात आहे, त्यांनी आपल्या वकिलाला एवढे जरूर विचारावे: आजच्या भावाने सगळ्या वर्षांच्या खर्चाची सरळ बेरीज किती होते, आणि मागितलेली रक्कम तिच्याहून कमी असेल, तर व्याज महागाईवर मात करील हे कशाच्या आधारावर धरले आहे?